दूध नेमकं नासलं कधी?

मे महिन्यातली दुपार. जळगावचं ऊन बाहेर त्रेचाळीसवर, आणि खिडक्यांना ओले पडदे लावूनही स्वयंपाकघरात एकोणचाळीस. चार वाजता पाहुणे आले म्हणून चहाचं आधण ठेवलं आणि शेजारच्या शेगडीवर सकाळचं दूध गरम करायला घेतलं. सकाळी साडेसातला तेच दूध मी स्वतः उकळलं होतं. चांगलं वर आलं, दोन वेळा खाली बसवलं, मग झाकण तिरपं ठेवून ओट्यावर निवत ठेवलं. दुपारी ते वास घेऊन पाहिलं, काही नव्हतं. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले आणि बघता बघता कडेचं दूध दाणेदार दिसू लागलं. पळीने हलवलं तर पळीच्या मागून हिरवट पाण्याची रेघ उमटली. दीड लिटर दूध मिनिटभरात चोथा आणि पाणी झालं.

"सकाळी तर चांगलं उकळलं होतं गं," सासूबाई म्हणाल्या. मी मात्र सगळे म्हणतात तेच म्हणाले, की दूधवाल्याने शिळं दूध मिसळलं असणार. दुसऱ्या दिवशी त्याला दारात उभं करून बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "वहिनी, सकाळी उकळलं तेव्हा नासलं का? नाही ना? मग सकाळी माझं दूध चांगलंच होतं."

तेव्हा मला ते उलट उत्तर वाटलं. पण तो बरोबर बोलला होता, आणि या प्रश्नाची सगळी उकल त्याच्या त्या एका वाक्यात आहे. दूध शेगडीवर नासत नाही. ते आधीच बिघडलेलं असतं आणि शेगडी ती गोष्ट फक्त उघडकीला आणते. सकाळी शेगडीने दुधाची परीक्षा घेतली तेव्हा ते पास झालं होतं. म्हणजे जे काही घडलं, ते सकाळी साडेसात ते दुपारी चार या वेळात, माझ्या ओट्यावर घडलं.

हे कसं ते कळायला दुधात काय असतं ते थोडं पाहावं लागतं. दूध पांढरं दिसतं ते मुख्यतः केसीन नावाच्या प्रथिनामुळे आणि स्निग्धांशाच्या थेंबांमुळे. दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण ऐंशी टक्के केसीनच असतं. ते पाण्यात साखरेसारखं विरघळलेलं नसतं. त्याच्या बारीक गोळ्या असतात, आपल्या केसाच्या जाडीच्या चार-पाचशेव्या भागाएवढ्या. दुधातलं बरंचसं कॅल्शियम या गोळ्यांच्या आतच बसलेलं असतं आणि त्यांना बांधून ठेवतं. प्रत्येक गोळीच्या अंगावर प्रथिनाचीच एक केसाळ लव असते आणि तिच्यावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून गोळ्या एकमेकींना दूर लोटतात आणि दूध एकसंध राहतं. ताजं दूध तासभर उकळत ठेवलं तरी ते आटतं, नासत नाही, ते याचमुळे. बासुंदी करणाऱ्याला हे सांगायला नको.

हे दूर लोटणं मोडायला एकच गोष्ट पुरते, आणि ती म्हणजे आंबटपणा. दुधातली साखर खाऊन जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की गोळ्यांवरचा भार मावळत जातो आणि आतलं कॅल्शियम सुटून पाण्यात जातं. हे मोजायला सामू नावाचं माप वापरतात. ते जितकं खाली, तितका पदार्थ आंबट. ताज्या दुधाचा सामू 6.6 ते 6.7 असतो. तो 4.6 च्या आसपास उतरला की दूध थंड असतानाच आपोआप घट्ट होतं, आणि त्याला आपण दही म्हणतो. पण दूध उकळायला घेतलं तर इतकं खाली जायची गरजच पडत नाही. सामू साधारण 6.1-6.2 च्या खाली गेला असेल तर शेगडीवर दूध फाटतं. तापलेल्या दुधात गोळ्या जास्त जोराने आणि जास्त वेळा एकमेकींवर आदळतात, त्यात दूध तापताना स्वतःही थोडं आंबटाकडे झुकतं. आधीच दुबळी झालेली लव तो मार सोसत नाही.

मेख आहे ती या 6.2 आणि 4.6 च्या मधल्या पट्ट्यात. दूध या पट्ट्यात नुकतंच शिरलेलं असतं तेव्हा ते पातळ असतं, पांढरं असतं, वास जवळपास नसतो, आणि दुधाच्या मूळ गोडीमुळे जिभेलाही आंबटपणा नीट कळत नाही. आपण म्हणतो, "दूध चांगलं होतं, उकळताना नासलं." प्रत्यक्षात ते दह्याच्या वाटेवर निघालेलं असतं आणि आपण त्याला अर्ध्या वाटेत शेगडीवर चढवतो. ते तिथेच निवांत पडून राहिलं असतं तर रात्रीपर्यंत त्याचं बरंवाईट दही झालं असतं.

आता माझ्या ओट्यावरचा तपास. सकाळी दूध उकळलं म्हणजे त्यातले जवळपास सगळे जिवाणू मेले. जवळपास म्हणते, कारण काही जिवाणू बीजाणूंच्या रूपात, जणू कवचात बसून, उकळीतूनही जिवंत राहतात आणि दूध कोमट झालं की पुन्हा जागे होतात. पण माझ्या दुधात आंबटपणा आला तो बहुधा त्यांच्यामुळे नाही. त्या दिवशी काय काय केलं ते मी आठवून पाहिलं. साडेदहाच्या सुमाराला दूध कोमट झालं. तेव्हा मी त्यातलं अर्धा लिटर वेगळ्या भांड्यात काढून दह्याला विरजण लावलं. कालचं चमचाभर दही पळीत घेतलं, दुधात ढवळलं, आणि तीच पळी झटकून मोठ्या पातेल्यात बुडवून सायीखालचं दूध सासूबाईंच्या कॉफीला काढलं.

हिशेब करून पाहा. झटकलेल्या पळीला अर्धा ग्रॅम दही सहज चिकटलेलं राहतं. चांगल्या घरगुती दह्यात दर ग्रॅमला कोट्यवधी जिवाणू असतात. उदाहरणासाठी दहा कोटी धरू. म्हणजे पळीने पातेल्यात पाच कोटी जिवाणू सोडले. पातेल्यात तेव्हा दीड लिटर दूध होतं, म्हणजे दर मिलिलिटरला तेहतीस हजारांच्या आसपास. इतक्याने दुधाचं काही बिघडत नाही. पण दह्याचे जिवाणू पस्तीस-चाळीस अंशांच्या उबेत साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतात. अर्ध्या तासाला दुप्पट म्हणजे पाच तासांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे हजार पट. साडेदहाचे तेहतीस हजार साडेतीनपर्यंत तीन कोटींच्या वर गेले. दर मिलिलिटरला कोटीच्या पुढे आकडा गेला की तयार होणारं आम्ल दुधाला त्या घातक पट्ट्यात ढकलायला पुरतं. चार वाजता मी शेगडी पेटवली. दूधवाल्याचा काही संबंधच नव्हता. मी अख्ख्या पातेल्याला विरजण लावून ठेवलं होतं.

मग वर्षभर असं का झालं नाही? पळी तर मी रोज अशीच बुडवत होते. याचं उत्तर उन्हाळ्यात आहे. डिसेंबरात आमच्या स्वयंपाकघरात सकाळी अठरा अंश असतात. त्या गारव्यात हेच जिवाणू दुप्पट व्हायला दोन-तीन तास घेतात. म्हणजे हजार पट व्हायला वीस-तीस तास, आणि तोवर दूध संपून पातेलं घासूनही झालेलं असतं. चूक बारा महिने तीच होती, थंडी ती झाकत होती. हिवाळ्यात दह्याला उबदार कोपरा शोधावा लागतो आणि उन्हाळ्यात दुधाला गार. दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट नकळत घडते. उकळलेलं दीड-दोन लिटरचं पातेलं एकोणचाळीस अंशांच्या खोलीत ठेवलं तर ते कोमट व्हायला दोन-तीन तास लागतात आणि त्यापुढे ते निवतच नाही. खोलीच गरम असल्यावर दूध जाणार कुठे? जिवाणूंना सगळ्यात आवडणाऱ्या तपमानावर ते दिवसभर बसून राहतं. जाड बुडाचं पातेलं, वर घट्ट झाकण आणि शेजारी कुकरची शेगडी असेल तर आणखीच. आपण जिला सुरक्षित ठेवणं म्हणतो, ती दह्यासाठी केलेली उबवण असते.

हे झालं एकदा उकळलेल्या दुधाचं. पिशवीतलं दूध पहिल्याच उकळीला नासलं तर तपास वेगळ्या दिशेने करायचा. डेअरीत दूध साधारण 72 अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच गार करतात. त्याने रोग पसरवणारे जिवाणू मरतात, पण दूध निर्जंतुक होत नाही. जे उरतात त्यांना थंडीने आवरून धरावं लागतं, चार-पाच अंशांच्या आसपास. ती थंडी जिथे तुटते तिथे घड्याळ सुरू होतं. पहाटे फुटपाथवर उतरवलेले क्रेट, दुकानाबाहेर उन्हात आलेली रांग, दाराच्या कडीला आठपर्यंत लटकलेली पिशवी, आणि "नंतर उकळते" म्हणून ओट्यावर राहिलेली तीच पिशवी, हे सगळे तास एकात एक मिळतात. प्रत्येक ठिकाणी थोडाच वेळ गेलेला असतो, म्हणून कुणालाच आपली चूक वाटत नाही. गोठ्यातून थेट येणाऱ्या दुधाचंही तसंच आहे. ते गाई-म्हशीच्या अंगच्या उबेवर, म्हणजे अडतीस अंशांच्या आसपास, बाहेर येतं. ताज्या धारोष्ण दुधात जिवाणूंना थोपवणारे काही घटक असतात, पण त्यांचा पहारा काही तासांचाच. पाचला काढलेलं दूध नऊला येत असेल तर ते आल्याआल्या शेगडीवर गेलं पाहिजे, भाजी चिरून झाल्यावर नाही.

कालचं उरलेलं पावशेर दूध आजच्या ताज्या दुधात ओतून एकत्र उकळण्याची सवयही अशीच महागात पडते. जिवाणूंचा भार असलेलं पावशेर वाचवायला जाऊन सगळं दूध जातं.

काही वेळा दोष दुधाचा किंवा जिवाणूंचा नसतोच. चिंचेच्या आमटीचं किंवा ताकाचं पातेलं नीट घासलं गेलं नाही तर त्यातला आंबट अंश तळाच्या दुधाला पुरतो. गुळाच्या चहात दूध फाटतं, कारण गूळ बहुतेक वेळा किंचित आंबट असतो. चहा खाली उतरवून जरा निवल्यावर दूध घातलं तर ते बहुधा टिकतं. कच्चं आलं किसून दुधात घातलं तर आल्यातलं एक पाचक द्रव्य थेट प्रथिनांच्या त्या लवेवर घाला घालतं. आलं पाण्यात चांगलं उकळून घेतल्यावर ते द्रव्य निकामी होतं, म्हणून दूध नंतर घालायचं. आणि नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीचं दूध असेल तर त्यात चिकाचा अंश असतो. चिकातली प्रथिनं नुसत्या उष्णतेने गोठतात, आपला खरवस होतो तो त्यानेच. गवळ्याकडे एखादी म्हैस नुकतीच व्यालेली असेल आणि दूध दोन-तीन दिवस सलग पहिल्याच उकळीला दाणेदार होत असेल, तर त्याला तेवढं विचारून पाहावं.

पहिल्या उकळीआधी दुधाचा संशय आला तर एक साधी चाचणी आहे आणि दूध संकलन केंद्रावरही ती चालते. तिथे परीक्षानळीत पाच मिलिलिटर दूध घेऊन उकळत्या पाण्यात काही मिनिटं धरतात. कणी धरली की कॅन परत. घरी लहान स्टीलच्या वाटीत किंवा पळीत दोन चमचे दूध घेऊन ज्योतीवर उकळावं आणि वाटी तिरपी करून बघावं. कडेला रवाळ कणी चिकटली तर उरलेलं दूध उकळायच्या फंदात पडू नये. ते पुढे काय करायचं हे तुम्हाला आता ठरवून करता येतं, आणि ऐनवेळी फाटलेल्या दुधाशी झटापट करण्यापेक्षा ते बरं.

आता सगळ्यांचा प्रश्न. फाटलेलं दूध पुन्हा दूध होतं का? नाही. एकदा गोळ्या चिकटल्या आणि उष्णतेने ती गाठ पक्की झाली की ती उलट दिशेने सुटत नाही. थंड पाणी घाला, मिक्सरमधून फिरवा, ताजं दूध ओता, चोथ्याचे कण फक्त बारीक होतात, आणि चहात गेल्यावर पुन्हा वर तरंगतात. ताजं दूध ओतलं तर तेही जातं.

खाण्याच्या सोड्याचं काय? पुष्कळ घरांत उन्हाळ्यात उकळताना चिमूटभर सोडा टाकायची पद्धत आहे आणि ती चालते, हे खरं आहे. सोडा आम्लाला मारतो, सामू वर सरकतो आणि गोळ्यांवरचा भार टिकतो. पण हे दूध फाटायच्या आधी केलं तरच. फाटल्यावर सोडा टाकला तर हाती फक्त साबणासारखी चव लागते. आणि आधी टाकला तरी मला ही युक्ती पटत नाही. आंबटपणा म्हणजे दुधात जिवाणू किती वाढले याची निशाणी. सोड्याने निशाणी पुसली जाते, जिवाणूंनी केलेलं काम तसंच राहतं. विकायच्या दुधात सोडा घालणं कायद्याने भेसळ आहे ती याच कारणाने. प्रयोगशाळेत रोझोलिक आम्लाचे थेंब टाकले की अशा दुधाला गुलाबी-लाल रंग येतो आणि चोरी पकडली जाते. दुसऱ्याने केल्यास जी भेसळ, ती आपण आपल्याच मुलांच्या पेल्यात कशाला करायची?

दूध वाचत नाही, पण दुधातला ऐवज पुष्कळदा वाचतो. मात्र त्याआधी एक निवाडा करावा लागतो आणि तो नाकाने, जिभेने आणि घड्याळाने मिळून करायचा. त्या दिवसाचं पिशवीचं किंवा गवळ्याचं दूध पहिल्याच उकळीला फाटलं, वास दह्यासारखा स्वच्छ आहे, पाणी हिरवट आहे, तर ते खुशाल वापरा. कुजकट किंवा उग्र वास, कडू चव, चमचा उचलल्यावर सुटणारी तार, उकळीआधीच दुधावर धरलेला फेस, यातलं काहीही दिसलं तर सगळं ओतून द्या. आंबट न होता कडवट होऊन फाटलेलं दूध विशेष वाईट. ते त्या कवचवाल्या बीजाणूंचं काम असू शकतं. ते आम्ल न करता थेट प्रथिनं तोडतात.

आणि घड्याळ का? काही जिवाणू, उदाहरणार्थ हाताच्या जखमेतून किंवा नाकातून दुधात जाणारे, वाढताना विष सोडतात. जिवाणू उकळीत मरतात, पण ते विष उकळीलाही दाद देत नाही आणि त्याला वासही नसतो. म्हणून सकाळी उकळून दिवसभर एकोणचाळीस अंशांत उघड्यावर राहिलेलं दूध संध्याकाळी फाटलं, तर ते "उकळलंय ना" म्हणून निर्धास्तपणे खाता येत नाही. त्या दिवशी मी त्या दीड लिटरचा कलाकंद केला होता आणि आम्ही सगळ्यांनी तो खाल्ला. कुणाला काही झालं नाही. पण आज तसं करणार नाही. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस घरात असेल तर अजिबातच नाही.

पहिल्या उकळीला फाटलेल्या दुधाचं पनीर करायचं तर आधी पाणी पाहा. ते स्वच्छ हिरवट नसून दुधाळ असेल तर काम अर्धवट झालंय, अजून बरंच प्रथिन पाण्यातच आहे. असंच गाळलं तर ते मोरीत जातं. पातेलं पुन्हा मंद उकळीवर आणा. चमचाभर लिंबाचा रस दोन चमचे पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला आणि हलक्या हाताने ढवळत राहा. पाणी निवळलं की लगेच रस थांबवा आणि शेगडी बंद करा. जास्त लिंबू म्हणजे चिवट, आंबट पनीर. दोन-तीन मिनिटं तसंच ठेवून सुती फडक्यातून गाळा, वरून गार पाणी ओतून आंबटपणा धुवा, पिळून अर्धा तास टांगा. गाईच्या लिटरभर दुधाचं साधारण दीडशे ग्रॅम निघतं, म्हशीचं त्याहून जास्त. आपणहून फाटलेल्या दुधाचं पनीर ठिसूळ आणि रवाळ होतं. त्याच्या वड्या पाडून रश्शात सोडल्या तर विरघळल्यासारख्या होतात. भुर्जी किंवा पराठ्याच्या सारणाला मात्र ते उत्तम.

कलाकंदाला मी दूध गाळत नाही, पण एका अटीवर. चोथ्याखालचं पाणी चमच्याने चाखून पाहायचं. गोडसर असेल तर सगळंच आटवायचं, कारण दुधाची साखर त्या पाण्यातच असते. आंबट लागलं तर गाळायचं. उकळीने पाणी उडून जातं, लॅक्टिक आम्ल उडत नाही. आटत जाईल तसा आंबटपणा दाट होत जातो आणि शेवटी कितीही साखर घातली तरी तो जिभेच्या मागे लागतोच. लिटरभर दुधाला जाड बुडाची कढई आणि पाऊण तासाची तयारी ठेवा. पाणी जवळजवळ आटल्यावर शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर घाला. साखर पडली की मिश्रण पुन्हा सैल होतं, घाबरू नका, ढवळत राहा. चमचाभर तूप, वेलदोडा, आणि कढईची कड सोडू लागलं की थाळ्यात काढा. बाजारच्या कलाकंदाचे दाणे मुद्दाम दूध थोडं फाडून आणतात. इथे ते काम आधीच झालेलं असतं.

गाळलेल्या पाण्यात कणीक भिजवली की पोळ्या मऊ होतात. आमटीत घालायचं तर डाळ शिजल्यावरच घाला, आधी घातलं तर आंबटपणाने डाळ शिजायला वेळ लागतो. फ्रीजमध्ये ते दिवसभर राहतं, त्यापुढे ठेवू नये.

पुन्हा असं होऊ नये म्हणून मी फारसं काही बदललं नाही. दूध उकळलं की पातेलं थेट पाण्याने भरलेल्या परातीत बसवते आणि दहा मिनिटांनी पाणी बदलते. दीड लिटर दूध अर्ध्या-पाऊण तासात हाताला सोसेल इतकं निवतं, मग दुपारच्या चहाचं वेगळ्या छोट्या भांड्यात काढून बाकीचं फ्रीजमध्ये. वीज नसेल त्या दिवशी दर चार-पाच तासांनी सगळं दूध पुन्हा एकदा उकळून काढायचं, जुन्या लोकांची ही पद्धत बिनफ्रीजच्या घरात आजही बरोबर आहे, कारण जिवाणूंची दुप्पट होत जाणारी रांग दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आणि विरजणाचा चमचा वेगळा. तो दुधाच्या पातेल्याकडे येत नाही.

दूधवाल्याची मी माफी मागितली. त्याने ती फारशी मनावर घेतली नाही. उन्हाळ्यात रोज चार घरी तो हेच ऐकतो. तुमच्याकडे या आठवड्यात दूध नासलं आणि फोन हातात घेतला असेल, तर आधी एवढं आठवून बघा: सकाळच्या पहिल्या उकळीला ते नीट वर आलं होतं का? आलं असेल तर फोन खाली ठेवा आणि पळी तपासा.